सत्ताविभाजन आणि मूलभूत हक्कांच्या मर्यादा : घटनेच्या पेपरचा सारांश काढताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सत्ताविभाजन आणि मूलभूत हक्क ही पुस्तकात दोन वेगळी प्रकरणं आहेत. सारांशही दोन वेगळे काढायचे का?

परीक्षेपुरते काढले तरी चालतील, पण मग दोन्ही अर्धवट कळतील. हक्कावर मर्यादा घातली की न्यायालय आधी ती घालणारा कोण, हे पाहतं. ती विधिमंडळाने कायद्याने घातली, की एखाद्या खात्याने परिपत्रक काढून? हा प्रश्न सत्ताविभाजनाचा आहे. त्याचं उत्तर समाधानकारक आलं, तरच पुढे कारण आणि प्रमाण तपासलं जातं. म्हणून प्रत्येक हक्कासमोर तीन गोष्टी लिहाव्यात : मर्यादा कोण घालू शकतो, कशाच्या आधारे, आणि कोणत्या कारणासाठी. पहिल्या दोन रकान्यांत सत्ताविभाजन आपोआप येतं. तिसऱ्या रकान्यात मात्र दर कलमागणिक उत्तर बदलतं, आणि बहुतेक सारांश तिथेच घसरतात.

राज्यघटनेत सत्ताविभाजनाचं कलम कोणतं?

तसं एकच कलम नाही. कलम ५० मध्ये न्यायपालिका कार्यपालिकेपासून वेगळी करावी असं म्हटलंय, पण ते मार्गदर्शक तत्त्व आहे आणि त्याचा रोख लोकसेवांवर आहे. कलम ५३ संघराज्याची आणि १५४ राज्याची कार्यकारी सत्ता अनुक्रमे राष्ट्रपती आणि राज्यपालांकडे सोपवतं. विधायी किंवा न्यायिक सत्तेबद्दल तसं वाक्य कुठेच नाही. शिवाय आपले मंत्री विधिमंडळाचेच सदस्य असतात, त्यामुळे अमेरिकेसारख्या काटेकोर भिंती इथे नाहीत.

काय आहे ते १९५५ च्या राम जवाया कपूर खटल्यात नेमकं सांगितलंय. पंजाब सरकारने शालेय पाठ्यपुस्तकांचं प्रकाशन स्वतःकडे घेतलं, खासगी प्रकाशकांचा धंदा बसला आणि ते सर्वोच्च न्यायालयात गेले. कायदा न करता सरकार असा व्यवसाय करूच शकत नाही, हा त्यांचा मुद्दा होता. न्यायालयाने तो फेटाळला. घटनेने सत्ताविभाजन काटेकोरपणे स्वीकारलेलं नाही, पण तिन्ही अंगांची कामं पुरेशी वेगळी ठेवली आहेत आणि एकाने दुसऱ्याचं मूळ काम बळकावू नये, असं न्यायालय म्हणालं. सरकार कायद्याशिवायही बरंच काही करू शकतं. मात्र त्याच निकालात एक गोष्ट आहे जी सारांशात हमखास गळते : एखाद्याच्या हक्कावर आक्रमण करायचं असेल, तर सरकारला कायद्याचं पाठबळ लागतं. प्रकाशक हरले, कारण आपलीच पुस्तकं सरकारने लावावीत असा त्यांचा हक्कच नव्हता.

कलम १३(३) मध्ये 'कायदा' या शब्दात आदेश, नियम, अधिसूचना सगळं येतं. म्हणजे साध्या परिपत्रकानेही हक्क मर्यादित करता येतो ना?

नाही. हा गोंधळ इतका सार्वत्रिक आहे की त्यावर थोडं थांबू.

कलम १३ ची व्याख्या जाळं मोठं करण्यासाठी आहे. हक्क मोडणारी गोष्ट अधिनियम नसून नुसती अधिसूचना आहे, अशी पळवाट सरकारला मिळू नये हा तिचा हेतू. कलम १९(२) ते १९(६) मध्ये मर्यादा 'कायद्याने' घालता येते असं जेव्हा म्हटलंय, तेव्हा त्या आदेशामागे किंवा नियमामागे वैधानिक अधिकार असावा लागतो. अधिनियमाखाली काढलेली अधिसूचना चालेल. खात्याने स्वतःच्या सोयीसाठी काढलेली सूचना चालणार नाही.

खरक सिंग खटल्यात (निकाल डिसेंबर १९६२) हे अगदी जवळून दिसतं. दरोड्याच्या गुन्ह्यात पुरावा नसल्याने या माणसाला सोडून दिलं होतं. तरी उत्तर प्रदेश पोलिसांनी त्याच्या नावाचं पाळत ठेवण्याचं बाड उघडलं. पोलीस विनियम २३६ नुसार शिपाई रात्री-अपरात्री त्याचं दार ठोठावत, त्याला झोपेतून उठवत आणि तो घरी आहे ना ते बघत. सरकारने हे जनहितासाठीचे वाजवी निर्बंध असल्याचं सांगितलं. पण न्यायालयाला वाजवीपणापर्यंत जावंच लागलं नाही. हे विनियम कोणत्याही अधिनियमाखाली केलेले नव्हते, निव्वळ खातेअंतर्गत सूचना होत्या. 'कायदा'च नसल्यामुळे रात्रीच्या भेटींची तरतूद रद्द झाली. पाळतीच्या बाकीच्या तरतुदी मात्र बहुमताने टिकल्या, कारण खासगीपणा हा मूलभूत हक्क नाही असं तेव्हा मानलं गेलं. निकालाचा तो भाग २०१७ च्या पुट्टस्वामी निकालाने खोडला. तुमच्या वाचनात जुनं संपादन असेल, तर ही दुरुस्ती हाताने करून घ्या.

१९८६ चा बिजो इमॅन्युएल खटलाही याच वळणाचा. केरळातली तीन भावंडं राष्ट्रगीताच्या वेळी आदराने उभी राहत, पण धार्मिक श्रद्धेमुळे गात नसत. त्यांना शाळेतून काढलं. त्यामागे शिक्षण खात्याची परिपत्रकं होती. या परिपत्रकांना वैधानिक बळ नाही, म्हणून त्यांच्या आधारे कलम १९(१)(क) चा हक्क रोखता येत नाही, असं न्यायालयाने म्हटलं. पुस्तकात हा खटला बहुतेकदा फक्त धर्मस्वातंत्र्याच्या प्रकरणात असतो. तुमच्या सारांशात तो दोन्हीकडे हवा.

अध्यादेश कोणत्या रकान्यात टाकायचा? तो काढतं तर सरकारच.

'कायदा' या रकान्यात. कलम १३ मध्ये अध्यादेशाचं नाव घेऊन उल्लेख आहे, त्यामुळे त्याने मर्यादा घालता येते आणि तोही अधिनियमाइतकाच तपासला जातो. पण ही विधिमंडळाच्या गैरहजेरीतली तात्पुरती सोय आहे. सभागृह पुन्हा भरल्यापासून सहा आठवड्यांत तो संपतो.

बिहारमध्ये ही सोय हीच कारभाराची रीत बनली होती. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतले प्राध्यापक डी. सी. वाधवा यांनी राजपत्रं चाळून दाखवून दिलं, की १९६७ ते १९८१ या काळात तिथे २५६ अध्यादेश निघाले आणि त्यातले कित्येक पुन्हा पुन्हा काढून वर्षानुवर्षं जिवंत ठेवले गेले. अधिवेशन संपलं की जुन्याच मजकुराचा नवा अध्यादेश, असा प्रकार होता. सर्वोच्च न्यायालयाने १९८६ मध्ये याला घटनेशी केलेली लबाडी म्हटलं. सत्ताविभाजनाचं एकच उदाहरण लिहायला जागा असेल, तर मी हेच लिहीन. कार्यपालिका विधिमंडळाचं काम कशी हळूहळू खिशात घालते, हे त्यातून स्पष्ट दिसतं.

प्रत्येक हक्कानंतर 'वाजवी निर्बंधांच्या अधीन' असं लिहिलं तर चालतं का?

नाही, आणि परीक्षकाच्या डोळ्यात हेच वाक्य सगळ्यात आधी खुपतं. 'वाजवी निर्बंध' हा शब्दप्रयोग कलम १९ च्या खंडांपुरता आहे. कलम १४ मध्ये तो नाही. तिथे वाजवी वर्गीकरणाची कसोटी आहे : गट पाडण्याचा आधार समजण्यासारखा हवा आणि त्या आधाराचा कायद्याच्या हेतूशी संबंध हवा. कलम १५ आणि १६ मध्ये महिला, बालकं आणि मागास वर्गांसाठीच्या विशेष तरतुदी त्याच कलमांत पुढे दिल्या आहेत. १६(३) मधली रहिवासाची अट मात्र फक्त संसद घालू शकते. राज्य विधिमंडळाला तो अधिकार नाही, हे 'कोण' या रकान्यात नोंदवा.

कलम १७ ला अपवादच नाही. अस्पृश्यता पाळण्यासाठी कोणतंही कारण वाजवी ठरू शकत नाही, आणि हे कलम सरकारइतकंच खासगी व्यक्तीलाही बांधतं. कलम २० लाही अपवाद नाही, पण व्याप्ती आहे. स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती नसावी हा हक्क पूर्ण आहे. तरी बोटांचे ठसे किंवा हस्ताक्षराचा नमुना घेणं म्हणजे 'साक्ष' नव्हे, असं १९६१ च्या काथी कालू ओघड निकालाने ठरवलं. हक्काला मर्यादा घालणं वेगळं आणि हक्क मुळात कुठवर पोचतो हे ठरवणं वेगळं. सारांशात या दोन्हीची सरमिसळ नको.

कलम १९ ची सगळी कारणं पाठ करायची का?

पाठ करण्यापेक्षा ती कुठे जास्त आणि कुठे कमी आहेत ते बघा. भाषणस्वातंत्र्यासाठी १९(२) मध्ये आठ कारणं आहेत : भारताची सार्वभौमता व एकात्मता, राज्याची सुरक्षितता, परकीय राष्ट्रांशी मैत्रीचे संबंध, सार्वजनिक सुव्यवस्था, सभ्यता किंवा नीतिमत्ता, न्यायालयाचा अवमान, अब्रूनुकसानी आणि गुन्ह्यास चिथावणी. शांततेने जमण्यासाठी फक्त दोन आहेत, एकात्मता आणि सुव्यवस्था. संघटना करण्यासाठी त्यात नीतिमत्तेची भर पडते. संचार, निवास आणि व्यवसाय यांच्यासाठी मात्र 'सर्वसाधारण जनतेचं हित' हे ऐसपैस कारण दिलंय. संचार आणि निवासाच्या बाबतीत अनुसूचित जमातींच्या हिताचं संरक्षण हेही कारण आहे.

यातली मेख अशी, की जनहित हे कारण १९(२) मध्ये नाही. एखादा लेख छापणं लोकांच्या हिताचं नाही, एवढ्यावर सरकार तो अडवू शकत नाही. त्याला आठांपैकी एका कारणात तो बसवून दाखवावा लागतो.

हा फरक प्रत्यक्ष खटल्यात कधी निर्णायक ठरला का?

ठरला, आणि तोही एका मराठी दैनिकाच्या खटल्यात. संसदेने १९५६ मध्ये वृत्तपत्रांची किंमत आणि पानं यांच्याबद्दल अधिनियम केला आणि त्याखाली केंद्र सरकारने १९६० मध्ये आदेश काढला. किती किमतीला किती पानं द्यायची हे त्यात बांधून दिलं होतं. पुण्याचा 'सकाळ' तेव्हा सात नव्या पैशांना मिळायचा. रविवार सोडून सहा दिवसांत तो ३४ पानं देत असे. नव्या आदेशाप्रमाणे तेवढ्याच किमतीत २४ पानं देता येत होती. ३४ च ठेवायची, तर किंमत आठ पैसे करावी लागत होती. पुरवणी काढायलाही सरकारची परवानगी लागणार होती.

आता आपल्या तीन रकान्यांतून जाऊ. मर्यादा कोणी घातली? संसदेच्या अधिनियमाखाली केंद्र सरकारने. म्हणजे 'कायदा' आहे, पहिल्या दोन कसोट्या पार. कारण काय? बड्या वृत्तपत्रांच्या असमान स्पर्धेपासून छोट्यांना वाचवायचं. हेतू चांगला आहे, पण तो १९(२) मधल्या कोणत्याच कारणात बसत नाही. म्हणून सरकारने खटल्याची वाट बदलली. हा निर्बंध भाषणावर नाहीच, तो वृत्तपत्राच्या धंद्यावर आहे, आणि धंद्यावर १९(६) खाली जनहितासाठी निर्बंध घालता येतात, असा पवित्रा घेतला.

न्यायालयाने सप्टेंबर १९६१ मध्ये तो नाकारला. किंमत वाढली की खप घटतो, म्हणजे विचार कमी लोकांपर्यंत पोचतात. पानं घटली की मजकूर घटतो, म्हणजे कमी विचार पोचतात. दोन्ही वाटांनी थेट घाव बसतो तो अभिव्यक्तीवर. धंद्यावर निर्बंध घालण्याच्या नावाखाली भाषणस्वातंत्र्य कमी करता येत नाही. अधिनियमातली ती तरतूद आणि आदेश दोन्ही घटनाबाह्य ठरले.

इथे एक गोष्ट नीट टिपा. हा निर्बंध फार कडक आहे म्हणून तो रद्द झाला, असं नाही. त्याचं कारणच यादीत नव्हतं. त्यामुळे तो सौम्य असता तरी टिकला नसता. बहुतेक सारांशांत 'अवाजवी म्हणून रद्द' असं लिहिलेलं असतं, आणि ते चूक आहे.

मग 'अवाजवी म्हणून रद्द' याचं खरं उदाहरण कोणतं?

१९५० चा चिंतामणराव खटला. मध्य प्रांतातल्या एका कायद्यानुसार उपायुक्ताने शेतीच्या हंगामात सागर जिल्ह्यातल्या काही गावांत विड्या वळायला सरसकट बंदी केली, कारण शेतावर मजूर मिळावेत. कायदा होता, आणि शेतीला मजूर मिळणं हे १९(६) मधल्या जनहितात बसत होतं. पण ज्यांना शेतात राबता येत नाही असे म्हातारे, अपंग आणि लहान मुलंही या बंदीत सापडत होती. हेतू आणि उपाय यांचं प्रमाण चुकलं, म्हणून बंदी गेली. 'सकाळ' आणि विडी हे दोन खटले शेजारी शेजारी लिहा. मर्यादा कोणत्या पायरीवर पडली यातला फरक लगेच कळतो.

कलम २१ मध्ये 'वाजवी' शब्द नाही. मग तिथे मर्यादा कशी तपासतात?

कलमात फक्त 'कायद्याने घालून दिलेली कार्यपद्धती' एवढंच आहे. १९५० च्या गोपालन निकालात त्याचा शब्दशः अर्थ घेतला गेला : विधिमंडळाने पद्धत घालून दिली ना, मग विषय संपला. १९७७ मध्ये मनेका गांधींचं पारपत्र 'जनहितासाठी' असं सांगून सरकारने ठेवून घेतलं आणि कारणं द्यायला नकार दिला. पारपत्राचा कायदा होता, त्यात तसा अधिकारही होता. तरी १९७८ मध्ये न्यायालयाने ठरवलं, की ही पद्धत न्याय्य, रास्त आणि वाजवी हवी, मनमानी नको. म्हणजे जो शब्द मसुद्यात नाही, तो न्यायालयाने अर्थातून आणला. इथे न्यायपालिका स्वतः मर्यादा ओलांडते का, असं प्रश्नपत्रिकेत हमखास विचारतात. माझं मत विचाराल तर नाही, कारण कलम १४, १९ आणि २१ एकमेकांपासून तोडून वाचण्याला घटनेत आधार नव्हता. पण विरुद्ध बाजूही दोन ओळींत लिहा.

कलम २५ आणि २६ च्या मर्यादा सारख्याच आहेत का?

दिसायला जवळजवळ सारख्या. दोन्ही सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या अधीन आहेत. व्यक्तीच्या हक्काच्या कलम २५ मध्ये मात्र 'या भागातल्या इतर तरतुदींच्या अधीन' अशी आणखी एक अट आहे, जी संप्रदायाच्या कलम २६ मध्ये नाही. शिवाय २५(२) मध्ये समाजसुधारणा आणि सर्व हिंदूंना देवळं खुली करणारे कायदे करण्याची मुभा आहे. मग एखाद्या संप्रदायाचं देऊळ असेल तर? १९५७ च्या व्यंकटरमण देवरु निकालाने ठरवलं, की प्रवेश सर्वांना द्यावा लागेल, पण काही खास विधी संप्रदाय आपल्यापुरते राखू शकतो.

आणीबाणीत सगळे हक्क जातात का?

नाही. १९७८ च्या ४४ व्या दुरुस्तीनंतर कलम ३५८ मुळे कलम १९ फक्त युद्ध किंवा परकीय आक्रमणाच्या आणीबाणीतच बाजूला पडतं, सशस्त्र बंडाच्या आणीबाणीत नाही. कलम ३५९ खाली राष्ट्रपती इतर हक्कांसाठी न्यायालयात जाणं स्थगित करू शकतात, पण कलम २० आणि २१ साठी नाही. १९७६ च्या जबलपूर निकालात बंदींना दाद मागता आली नव्हती. तो धडा या दुरुस्तीमागे आहे.

न्यायालयाने कायदा रद्द केला, तर संसद तो परत आणू शकते का?

निकाल चुकीचा आहे असं नुसतं जाहीर करून नाही. ते न्यायदानाचं काम झालं. निकाल ज्या उणिवेवर उभा आहे ती उणीव मात्र कायद्यात बदल करून काढून टाकता येते. पृथ्वी कॉटन मिल्सच्या १९६९ च्या निकालात ही रेघ आखलेली आहे.

संसद घटनाही बदलू शकते. मुंबईत छापल्या जाणाऱ्या 'क्रॉसरोड्स' साप्ताहिकावरची मद्रासमधली बंदी १९५० मध्ये रमेश थापर खटल्यात उठली, कारण 'सार्वजनिक सुव्यवस्था' हे कारण तेव्हा १९(२) मध्ये नव्हतं. पुढच्याच वर्षी पहिल्या दुरुस्तीने ते घातलं गेलं, आणि त्याच दुरुस्तीने १९(२) मध्ये 'वाजवी' हा शब्दही आला. सरकारला जास्त कारणं मिळाली, तशी न्यायालयाला ती तपासण्याची जागाही मिळाली. या अधिकाराला १९७३ च्या केशवानंद निकालाने मूलभूत संरचनेचं कुंपण घातलं. पंतप्रधानांची निवडणूक न्यायालयाच्या कक्षेबाहेर नेणारं कलम ३२९-अ चं चौथं उपकलम १९७५ मध्ये याच आधारावर पडलं.

एका निकालाला सारांशात किती जागा द्यावी?

तीन-चार वाक्यं पुरतात. उदाहरणार्थ : 'खरक सिंग. हक्क : कलम १९(१)(घ) आणि २१. मर्यादा पोलिसांनी घातली, आधार खातेअंतर्गत विनियम, अधिनियम नाही. पहिल्याच पायरीवर पडली, कारण व प्रमाण तपासण्याची गरज नाही. खासगीपणाबद्दलचा भाग २०१७ मध्ये रद्द.' वस्तुस्थिती लांबवू नका, पण मर्यादा कोणत्या पायरीवर टिकली किंवा पडली ते वाक्य कधीही गाळू नका.

मालमत्तेचा हक्क या यादीत का नाही?

४४ व्या दुरुस्तीने कलम ३१ आणि १९(१)(च) वगळली. आता तो कलम ३००-अ खाली घटनात्मक हक्क आहे, मूलभूत नाही. त्यामुळे त्यासाठी थेट कलम ३२ खाली सर्वोच्च न्यायालयात जाता येत नाही, उच्च न्यायालयात कलम २२६ खाली जावं लागतं. मर्यादेची अट मात्र ओळखीचीच आहे : मालमत्ता काढून घ्यायची तर कायद्याचा अधिकार हवा, परिपत्रक चालणार नाही.